‘शून्य टक्के’ आणि तारखेची किंमत : जुन्नर-आंबेगावातील पीककर्जाचा दीडशे वर्षांचा हिशेब

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील कोणत्याही विकास सोसायटीत आज पीककर्जाची चौकशी केली, तर एकच आकडा ऐकू येतो : तीन लाखांपर्यंत शून्य टक्के. हा आकडा खोटा नाही. पण तो कर्जाचा दर नसून एका विशिष्ट तारखेपर्यंत पैसे परत आले तर मिळणाऱ्या सवलतीचा शेवट आहे. तारीख चुकली की तोच आकडा सहा होतो आणि पुढे वाढत जातो. व्याजाचा बोजा टक्क्यांत कमी आणि तारखेत जास्त असण्याची ही गोष्ट या डोंगरपट्ट्याला नवी नाही. तिचा माग काढायचा तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात सावकारी व्याज टक्क्यांत कोणी सांगत नसे. ते दरमहा रुपयामागे पैशांत सांगितले जाई. रुपयाचे चौसष्ट पैसे असत. ‘दरमहा रुपयाला एक पैसा’ हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाचा हिशेब केला तर तो पावणेएकोणीस टक्के होतो. ‘रुपयाला अर्धा आणा’ म्हणजे साडेसदतीस टक्के. दर महिन्यावर आणि किरकोळ नाण्यात सांगितला की कर्जदाराला वर्षाचा बोजा दिसत नाही, हे सावकाराला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी ठाऊक होते.

तरीही त्या काळच्या शेतकऱ्याला खरे बुडवले ते दराने नव्हे, मुदतीने. हिंदू रूढीत दामदुप्पटीचा नियम होता : एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हा नियम मानत. म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जावर व्याज कितीही साचले, तरी सावकाराची मागणी दोनशेच्या वर जाऊ नये. या नियमाला वळसा घालण्याची वाट मात्र एका सद्हेतूने केलेल्या कायद्यानेच उघडली. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. घडले ते उलट. मुदत संपत आली की सावकार कुणब्याला बोलावी, मुद्दल आणि साचलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई. कालचे व्याज आजचे मुद्दल होई. दामदुप्पटीचे मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू होई. शंभराचे दीडशे, दीडशेचे सव्वादोनशे, आणि कागदावर प्रत्येक वेळी व्याज ‘मर्यादेतच’.

या प्रकाराला बोलीत एक नेमका शब्द आहे : नवे-जुने करणे. जुने खाते मिटवायचे आणि त्याच दिवशी, त्याच रकमेचे किंवा थोड्या मोठ्या रकमेचे नवे उघडायचे. हा शब्द लक्षात ठेवावा. तो पुढे सोसायटीच्या दारात पुन्हा भेटणार आहे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारात जमलेल्या रयतेने सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी धान्याची किंवा दागिन्यांची नव्हती. त्यांना कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हव्या होत्या, आणि त्या मिळाल्या की चौकात जाळल्या जात. ज्याच्या नूतनीकरणातून कर्ज वाढत होते, तो कागदच नष्ट करणे हा या दंग्यांचा गाभा होता.

भीमथडी, शिरूर, इंदापूर हे कोरडवाहू पठाराचे तालुके. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला चित्र वेगळे होते. त्या काळी आंबेगाव स्वतंत्र तालुका नव्हता, तो खेड तालुक्यातील पेटा होता. सह्याद्रीच्या कुशीतील तेथील महादेव कोळी समाज भात, नाचणी आणि हिरड्यावर जगे, आणि त्याच्या जमिनीही सावकाराच्या वहीत सरकत होत्या. इथला उद्रेक दंग्यांच्या दोन वर्षे आधीचा आहे. जांभोरीचा होन्या भागोजी केंगले १८७३पासून टोळी बांधून सावकारांवर छापे घालू लागला. काही सावकारांची नाके कापल्याची नोंद सरकारी गॅझेटियरमध्ये आहे. १८७६मध्ये तो पकडला गेला. सुप्याची होळी पाठ्यपुस्तकात आली, जांभोरीचा होन्या मात्र बराच काळ ‘दरोडेखोर’ या रकान्यात राहिला. मूळ तक्रार दोघांचीही एकच होती.

सरकारने दंग्यांची चौकशी केली आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद दराला हात घालणारी नव्हती. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा संपूर्ण इतिहास तपासण्याचा अधिकार तिने दिला : मूळ रक्कम किती हाती पडली, व्याज कितीदा मुद्दलात मिसळले, परतफेड किती झाली. कागदावरचा आकडा अंतिम न मानता शेतकऱ्याच्या हातात खरोखर काय आले आणि हातातून काय गेले, हे मोजायचे. आजच्या भाषेत यालाच प्रभावी दर काढणे म्हणतात.

कायद्याने सावकाराचे हात थोडे बांधले, पण शेतकऱ्याला दुसरा कर्जदाता दिला नाही. पुण्याचे न्यायाधीश राहिलेले विल्यम वेडरबर्न यांनी १८८०च्या दशकात पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेचा प्रयोग सुचवला. लंडनहून त्याला नकार आला. १८८३ आणि १८८४च्या कायद्यांनी तगाईची सोय झाली, पण तगाईची रक्कम अपुरी असे आणि ती मिळेपर्यंत पेरणीची वेळ निघून जाई. १९०४च्या कायद्याने गावोगावी सहकारी पतपेढ्या निघू लागल्या आणि १९१७मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. आजची त्रिस्तरीय रचना त्यातूनच आली : वर राज्य सहकारी बँक, मध्ये जिल्हा बँक, गावात सोसायटी. सावकार मात्र हटला नाही. १९५१-५२च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा सुमारे तीन टक्के आढळला, सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत धनंजयराव गाडगीळही होते.

त्या अहवालाने पीककर्ज या कल्पनेला बळ दिले. तोपर्यंत कर्ज जमिनीच्या तारणावर, म्हणजे माणसाच्या ऐपतीवर मिळे. पीककर्जात हिशेब पिकाचा असतो. कोणते पीक, किती क्षेत्र, हेक्टरी किती रुपये, आणि परतफेड पीक विकल्यावर. आजही सोसायटीचा गटसचिव हंगामापूर्वी प्रत्येक सभासदाचे कमाल मर्यादा पत्रक भरतो. त्याला सगळे ‘क. म. पत्रक’ म्हणतात. त्यात सातबाऱ्यावरील क्षेत्राला जिल्ह्याने ठरवलेला पीकदर लावून मंजुरीची रक्कम निघते. सभासद जमिनीवर बोजा चढवण्यास संमती देणारा करार लिहून देतो, तलाठ्याकडे त्याची नोंद होते आणि मग रक्कम खात्यात येते.

आता सवलतीकडे. २००६च्या खरिपापासून केंद्र सरकारने तीन लाखांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज सात टक्क्यांनी द्यायचे ठरवले. बँकेचा तोटा केंद्र भरून देते. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने चार टक्क्यांची शिफारस केली होती. त्या चारापर्यंत सरकार दुसऱ्या वाटेने गेले. सात टक्के तसाच ठेवून, वेळेत फेडणाऱ्याला २००९-१०मध्ये एक टक्का, २०१०-११मध्ये दोन आणि २०११-१२पासून तीन टक्के परत देण्यास सुरुवात झाली. महाराष्ट्राची स्वतःची योजना याहून जुनी आहे. देशाचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ती चालते. राज्याच्या मदतीमुळे इथले पीककर्ज सातऐवजी सहा टक्क्यांनी मिळते. वेळेत फेडले तर केंद्राचे तीन जातात, राज्याचे तीन जातात, उरते शून्य. पूर्वी राज्याचे पूर्ण तीन टक्के फक्त एक लाखापर्यंत मिळत. त्यावरच्या रकमेला एकच टक्का असल्याने एक ते तीन लाखांचा दर दोन टक्के पडे. २०२१-२२पासून तीन लाखांपर्यंत सरसकट शून्य झाले.

यातील रचना नीट पाहिली पाहिजे. दर सुरुवातीलाच शून्य करणे आणि सहा टक्के लावून वेळेत फेडणाऱ्याला सहा माफ करणे, हे दोन वेगळे करार आहेत. पहिल्या करारात एक दिवस उशीर झाला तर एका दिवसाचे व्याज चढते. दुसऱ्यात एक दिवस उशीर झाला तर मागच्या सगळ्या दिवसांचे व्याज चढते. सवलत हळूहळू कमी होत नाही, ती कड्यावरून पडते. केंद्राची सवलत कर्जाच्या देय दिनांकापर्यंत आणि जास्तीत जास्त एका वर्षासाठी असते. राज्याच्या योजनेत ३० जून ही अखेरची तारीख. सोसायट्यांच्या वसुलीचा सगळा जोर मात्र ३१ मार्चकडे असतो, कारण हिशेबाचे वर्ष तेव्हा संपते आणि खरिपाची कर्जेही तेव्हाच देय होतात.

एक उदाहरण रुपयांत पाहू. ते काल्पनिक आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी या भागात ओळखीची आहे. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे, पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या एका शेतकऱ्याला सोसायटीने १० जूनला एक लाख रुपये मंजूर केले, असे धरू. तो नवा सभासद आहे, म्हणून पाच टक्के शेअर्सची रक्कम कापून हातात पंचाण्णव हजार आले. देय दिनांक ३१ मार्च. मधले दिवस २९४. व्याजाचे सूत्र सोपे आहे :

```
मुद्दल × दर × दिवस ÷ ३६५००
१००००० × ६ × २९४ ÷ ३६५०० = ४८३३
```

त्याने ३१ मार्चच्या आत पैसे भरले तर हे ४,८३३ रुपये केंद्र आणि राज्य अर्धे-अर्धे उचलतात. कागदावरचा दर शून्य. आता त्याच्या खिशाकडे पाहू.

शेअर्सचे पाच हजार त्याच्या नावावर आहेत, पण पेरणीला उपयोगी पडत नाहीत. तेवढे पैसे त्याला बाहेरून घ्यावे लागले आणि बाहेरचा दर शेकडा दरमहा दोन रुपये धरला, तर पावणेदहा महिन्यांत सुमारे ९६६ रुपये गेले. उतारे, करारनामा, मुद्रांक, तालुक्याच्या ठिकाणच्या खेपा आणि बुडालेल्या मजुरीचे सहाशे धरू. पुढची बाब सर्वांत कमी दिसणारी. जिथे शेतकऱ्याकडून व्याज आधी भरून घेतले जाते आणि शासनाची रक्कम आली की खात्यात परत जमा होते, तिथे ४,८३३ रुपये त्याने सरकारला बिनव्याजी उसने दिल्यासारखे असतात. परतावा आठ महिन्यांनी आला, तर त्याच बाहेरच्या दराने ७७३ रुपये.

राहिला मार्चचा शेवटचा आठवडा. पावसाळी बटाटा केव्हाच विकला गेला. त्यातले पैसे रब्बीच्या कांद्यात, मुलांच्या फीमध्ये आणि लग्नकार्यात अडकले. उन्हाळ कांदा अजून शेतात आहे. हाती साठ हजार आहेत आणि भरायचे एक लाख चार हजार आठशे तेहतीस. तो पंचेचाळीस हजार हातउसने घेतो, शेकडा दरमहा तीन रुपयांनी. सोसायटीत भरणा करतो, पुढच्या हंगामाचे कर्ज उचलतो, उसने फेडतो. हेच ते नवे-जुने. मधे वीस दिवस गेले तर उसन्याचे व्याज नऊशे रुपये.

एकूण खर्च ३,२३९ रुपये झाला. हातात आलेले पंचाण्णव हजार, दिवस २९४. वर्षाच्या मापात बसवले की हा दर सुमारे ४.२ टक्के येतो. बाजारातील चोवीस किंवा छत्तीस टक्क्यांपुढे ४.२ म्हणजे मोठाच दिलासा, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो शून्य नाही. आणि त्यातील एक रुपयाही सोसायटीच्या पावतीवर ‘व्याज’ म्हणून दिसत नाही. दुसऱ्या वर्षापासून शेअर्सची कपात कर्ज वाढले तरच होते, त्यामुळे जुन्या सभासदाचा दर थोडा उतरतो. पाच हजार अडकून राहिल्याचा खर्च मात्र, लाभांश मिळाला नाही तर, दर वर्षी सोबत असतो.

हाच हिशेब थोडा हलवून पाहिला की त्याचा ठिसूळपणा कळतो. नवे कर्ज वीसऐवजी पंचेचाळीस दिवसांनी मिळाले, तर उसन्याचे व्याज नऊशेचे दोन हजार पंचवीस होते आणि प्रभावी दर ५.७ टक्क्यांवर जातो. म्हणजे नाममात्र सहा टक्क्यांची जवळजवळ सगळी सवलत पंचवीस दिवसांच्या विलंबात विरघळते. ते पंचवीस दिवस शेतकऱ्याच्या हातात नसतात. ते मंजुरीच्या सभेत, तपासणीत आणि जिल्हा बँकेच्या शाखेत जातात.

आणि त्याने उसने घेतलेच नाही तर? ४,८३३ रुपयांची सवलत जाते. शेअर्स आणि कागदपत्रांचा खर्च मिळवून ३१ मार्चपर्यंतचाच दर सुमारे ८.४ टक्के होतो. त्यापुढे थकबाकीचा दर लागतो, आणि त्याहून मोठे म्हणजे थकबाकीदार सभासदाला पुढच्या हंगामाचे कर्ज मिळत नाही. वसुली पुढे गेली तर सहकार कायद्याच्या कलम १०१खालील दाखला निघतो.

म्हणून मार्चअखेर सावकाराकडे जाणारा शेतकरी अडाणी आहे, असा जो शहरी समज आहे, तो हिशेबाला धरून नाही. पंचेचाळीस हजारांवर दरमहा तीन टक्के म्हणजे महिन्याला १,३५० रुपये. ४,८३३ रुपये वाचवण्यासाठी तो हे उसने साडेतीन महिने वापरू शकतो, तरी तो तोट्यात जात नाही. सवलत जितकी मोठी, तितके मार्चमधील उसन्याला मोल अधिक. दर शून्यावर आणणाऱ्या योजनेने, सावकाराला हटवण्याऐवजी, त्याच्यासाठी वर्षातील एक हमखास पंधरवडा राखून ठेवला आहे. योजना आखणाऱ्यांचा हा हेतू नव्हता; १८५९चा कायदा करणाऱ्यांचाही नव्हता.

इथे एक फरक मात्र नोंदवलाच पाहिजे. जुन्या रोख्याच्या नव्या-जुन्यात व्याज मुद्दलात मिसळे आणि कर्ज फुगे. सोसायटीच्या नव्या-जुन्यात, सगळे सुरळीत झाले तर, मुद्दल एक लाखच राहते. कर्ज वाढत नाही, पण फिटतही नाही. बँकेच्या दप्तरी ती शंभर टक्के वसुली आणि नवे कर्जवाटप म्हणून नोंदली जाते. प्रत्यक्षात तोच लाख रुपया वर्षातून काही दिवस सावकाराच्या घरी जाऊन परत येतो. वसुलीचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरली की पीककर्जाचा सगळाच इतिहास चुकीचा वाचला जातो.

सगळे सुरळीत न होण्याची जी कारणे आहेत, त्यांपैकी एकाकडे शेतकऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. सोसायटी स्वतःही जिल्हा बँकेची कर्जदार असते. सभासदांकडून येणे असलेली रक्कम आणि सोसायटीने बँकेला देणे असलेली रक्कम यांचा मेळ बसला पाहिजे. सोसायटीचे देणे सभासदांच्या येण्यापेक्षा जास्त झाले की त्या फरकाला सहकारात ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. वसूल झालेला पैसा बँकेत न भरता दुसरीकडे खर्च झाला, की अशी तफावत तयार होते. अशा सोसायटीत नियमित सभासदाने ३१ मार्चला पूर्ण भरणा केला, तरी वरून नवे कर्ज अडू शकते. मग हातउसन्याचा वीस दिवसांचा पूल वर्षाचा होतो : पंचेचाळीस हजारांवर छत्तीस टक्के, म्हणजे सोळा हजार दोनशे रुपये. शून्य टक्क्यांच्या योजनेत प्रामाणिकपणे सहभागी झालेल्या माणसाचे असे नुकसान होऊ शकते. याची चाहूल आधी लागते. सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सभेपुढे ठेवला जातो, त्यात तफावतीची रक्कम लिहिलेली असते, आणि ती विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. मार्चमध्ये भरणा करण्यापूर्वी तो आकडा पाहणे हे दराची चौकशी करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे.

दुसरी अडचण पीकदराची. बटाट्याचे बियाणे, कांद्याची लागण, टोमॅटोची तार-काठी आणि औषधे यांचा प्रत्यक्ष खर्च हेक्टरी ठरवलेल्या रकमेत अनेकदा बसत नाही. उरलेला पैसा कृषी सेवा केंद्राच्या उधारीतून किंवा नारायणगाव, मंचरच्या बाजारातील आडत्याच्या उचलीतून येतो. उधारीवरच्या खताच्या गोणीची किंमत रोखीपेक्षा जास्त लागते. उचल घेतलेल्याला माल त्याच गाळ्यावर न्यावा लागतो. हे दोन्ही व्याजच आहे, फक्त त्याचे नाव वेगळे. पिकाला लागलेल्या एकूण पैशांवरचा दर काढायचा, तर हे त्यात धरावे लागते, आणि ते धरल्यावर शून्य टक्क्यांचा हिस्सा पीकखर्चाच्या जेमतेम अर्ध्यावर येणारी घरेही असू शकतात.

कर्जमाफ्यांनी या हिशेबात आणखी एक अनिश्चितता मिसळली. २०१७च्या माफीत नियमित फेडणाऱ्याला जास्तीत जास्त पंचवीस हजारांचे आणि २०१९च्या माफीत पन्नास हजारांपर्यंतचे प्रोत्साहन जाहीर झाले, तर थकबाकीदाराचे दोन लाखांपर्यंतचे कर्ज गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या वर्षीचा प्रभावी दर शून्याच्याही खाली गेला. पण तो कोणत्या वर्षी जाईल हे निवडणूक ठरवते, हंगाम नव्हे. वेळेत फेडण्यासाठी तीन रुपये शेकड्याने उसने आणणाऱ्याच्या शेजारी न फेडणाऱ्याचे दोन लाख माफ झाले, तर पुढच्या मार्चमध्ये पहिला माणूस काय करेल, याचा अंदाज बांधायला इतिहासाची पदवी लागत नाही.

शेवटी उसाबद्दल थोडेसे, कारण डिंभे, येडगाव, वडज, माणिकडोह आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या दोन तालुक्यांच्या पूर्व भागाचे पीकचित्रच बदलले. विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांच्या परिसरात सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापले जाते. त्यामुळे मार्चअखेरची धावपळ तिथे कमी, वसुली चोख. पण आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि तुटायला सोळा-अठरा महिने लागतात, तर केंद्राची सवलत जास्तीत जास्त बारा महिने चालते. पीक उभे असतानाच सवलतीचे वर्ष संपू शकते. कारखान्याने तोड लांबवली किंवा बिल उशिरा काढले, तर त्या दिवसांचे व्याज शेतकऱ्याच्या खात्यावर चढते. उशीर त्याचा नसला तरी. अशा वेळी कर्जखात्याच्या उताऱ्यावर तीन तारखा शोधाव्यात : रक्कम वाटप झाल्याची, देय दिनांकाची आणि बिलातून कपात झालेली रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याची. कारखान्याने कपात केलेला दिवस आणि सोसायटीत जमा झालेला दिवस यांत अंतर असेल, तर सवलत ठरते ती दुसऱ्या तारखेवर.